वेगवान पहिली सर्व्हिस परत करताना: उभे कुठे राहायचे, रॅकेट किती मागे न्यायची आणि ब्लॉक कसा करायचा

टेनिसमध्ये सर्व्हिस जोरात आली की हौशी खेळाडू हमखास तीन गोष्टी करतात. आधी मागे सरकतात, मग रॅकेट खांद्याच्या पार मागे नेतात आणि शेवटी तीच रॅकेट चेंडूवर फिरवायला जातात. तिन्हीला वेळ लागतो, आणि नेमका तोच नसतो. ताशी १५० किलोमीटरची सर्व्हिस बेसलाइनमागे उभ्या असलेल्या माणसापर्यंत यायला साधारण पाऊण सेकंद घेते. आपल्याकडच्या क्लबात एखादा कॉलेजचा पोरगा अशी सर्व्हिस सहज करतो. त्या पाऊण सेकंदातला बराच भाग चेंडू फोरहँडला येतोय की बॅकहँडला, हे कळण्यातच जातो. उरलेल्या वेळात पूर्ण फटका मावत नाही. ब्लॉक, म्हणजे रॅकेट न फिरवता नुसती चेंडूसमोर धरणे, मावतो.

ब्लॉक चुकतो तेव्हा बहुतेक जण मनगटात किंवा रॅकेटच्या कोनात दोष शोधतात. खरी गडबड त्याआधीच्या दोन टप्प्यांत झालेली असते. म्हणून पुढचा क्रम जसा दिलाय तसाच पाळा. सोयीसाठी सगळी उदाहरणे एकेरीची, ड्यूस कोर्टातली आणि दोन्ही खेळाडू उजव्या हाताचे धरून दिली आहेत. या बाजूला बाहेरच्या कोपऱ्यातली सर्व्हिस आपल्या फोरहँडला येते आणि मधल्या रेषेवरची, म्हणजे टीवरची, बॅकहँडला. अ‍ॅड कोर्टात हे उलटे होते.

आधीची तयारी: कोर्ट आणि हवा बघून घ्या

वॉर्मअपमध्ये समोरचा सराव सर्व्हिस करतो तेव्हा आपण पाणी पीत बसतो. त्याऐवजी आपल्या जागेवर उभे राहून त्या सगळ्या सर्व्हिस बघा. बघायचे एवढेच की टप्पा पडल्यावर चेंडू तुमच्यापाशी किती उंचीवर येतोय. कंबरेला, छातीला की गुडघ्याला?

नागपुरात हे उत्तर ऋतूप्रमाणे बदलते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असतो तेव्हा हवा जानेवारीच्या पहाटेपेक्षा सुमारे दहा टक्के विरळ असते. चेंडूला अडथळा कमी होतो आणि तापलेला चेंडू उसळतोही जास्त. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी तीच सर्व्हिस खाली राहते, आणि दव पडले असेल तर चेंडू ओला होऊन जडही होतो. रामनगरच्या हार्ड कोर्टांवर एक सवय लागते आणि कॉलनीतल्या गुळगुळीत झालेल्या सिमेंट कोर्टवर ती मोडावी लागते, कारण अशा सिमेंटवर चेंडू घसरून येतो. हिवाळ्यात जुळलेला रिटर्न उन्हाळ्यात उडायला लागला की लोक रॅकेटच्या तारा बदलून आणतात. आधी जागा बदलून बघावी.

टप्पा १: डावी-उजवी जागा ठरवा

इथे डोळ्यांचा अंदाज फसतो, म्हणून एकदा मोजूनच घ्यावे. सर्व्हिस बॉक्स ४.११५ मीटर रुंद असतो. सर्व्हर मधल्या खुणेपासून अर्धा मीटर बाजूला उभा आहे असे धरा. त्याची टीवर पडलेली सरळ सर्व्हिस तुमच्या बेसलाइनपर्यंत येते तेव्हा जवळजवळ कोर्टाच्या मध्यावरच असते. बाहेरच्या कोपऱ्यात पडलेली मात्र साइडलाइनच्याही सव्वा-दीड मीटर बाहेर गेलेली असते. म्हणजे तुम्हाला सांभाळायची रुंदी साडेपाच मीटरच्या आसपास आहे आणि तिचा मध्य तुमच्या अर्ध्या कोर्टाच्या मध्यावर येत नाही. तो बराच बाहेर असतो, एकेरीच्या साइडलाइनपासून सुमारे एक मीटर आत.

हा बिंदू सापडायला सोपी युक्ती आहे. आपल्या बाजूच्या सर्व्हिस लाइनवर, बॉक्सच्या बरोबर मध्यावर, चेंडूंचा रिकामा डबा ठेवा. मधल्या रेषेपासून ही जागा दोन मीटरवर येते. आता सर्व्हरच्या जागेवर कुणाला तरी उभे करा आणि बेसलाइनमागे असे उभे राहा की तो माणूस, डबा आणि तुम्ही एका रेषेत याल. ही तुमची जागा. सर्व्हर साइडलाइनकडे मीटरभर सरकला तर तुम्हालाही आपल्या साइडलाइनकडे दीड वीतभर सरकावे लागते.

तपासा: दोन्ही बाजूंना एकेक मोठे पाऊल टाकून रॅकेट लांबवा. दोन्हीकडे सारखीच पोच हवी. एखाद्या बाजूला कमी पडत असाल तर तुम्ही नकळत आपला दुबळा हात झाकून उभे आहात.

सावध: बॅकहँड कच्चा आहे म्हणून मध्याकडे सरकून उभे राहणे ही सगळ्यात महागडी सवय. समोरचा पहिल्याच गेममध्ये ओळखतो आणि बाहेर मारत सुटतो.

टप्पा २: पुढे-मागे किती

पहिल्या सर्व्हिससाठी बेसलाइनच्या एक मीटर मागून सुरुवात करा. त्याहून मागे जायचा मोह होतो, आणि टीव्हीवर मेदवेदेव जवळपास लाइन्समनच्या जागेवरून रिटर्न करताना दिसला की तो वाढतो. पण मागे जाण्याची किंमत असते. प्रत्येक मीटर मागे गेल्यावर सांभाळायची रुंदी वीस-बावीस सेंटिमीटरने वाढते, आणि सर्व्हिसला स्लाइस असेल तर आणखी. शिवाय ब्लॉक केलेला चेंडू मुळातच हळू जातो. तीन मीटर मागून केलेला ब्लॉक सर्व्हिस लाइनच्या आसपास पडतो आणि समोरच्याला आयता मिळतो. मेदवेदेव मागून ब्लॉक करत नाही, तो तिथून पूर्ण फटका मारतो, आणि उरलेले कोर्ट धावून काढायला पायही तसेच हवेत.

माझ्या मते हौशी खेळाडूने आधी स्विंग छोटा करावा. तरीही सतत उशीर होत असेल तरच अर्धा मीटर मागे जावे. भर उन्हात चेंडू खांद्यावर चढत असेल तेव्हाही अर्धे पाऊल मागे चालते. घसरत्या सिमेंटवर मात्र मागे जाऊन उपयोग नाही, चेंडू आणखी खाली जातो.

टप्पा ३: पकड आणि उभे राहणे

हे थोडक्यात. पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, वजन चवड्यांवर. रॅकेट पोटासमोर आणि शरीरापासून लांब, कोपर बरगड्यांना चिकटलेले नकोत. डावा हात रॅकेटच्या मानेवर. उजव्या हाताची पकड अगदी ढिली ठेवा, कारण आवळलेल्या मुठीला पकड बदलायला वेळ लागतो. पकड कॉन्टिनेंटल, म्हणजे व्हॉलीला धरता तीच. तिच्यावर दोन्ही बाजूंना ब्लॉक करता येतो. दोन हातांचा बॅकहँड असेल तर डावा हात मानेवरून घसरत मुठीवर येऊ द्या, उजवा आहे तिथेच राहू द्या.

टप्पा ४: उडी, आणि तिची वेळ

स्प्लिट स्टेप बहुतेक जण करतात, पण चुकीच्या वेळी. कुणी टॉस वर जातानाच उडी मारून मोकळा होतो आणि चेंडू सुटतो तेव्हा पाय रोवून उभा असतो. कुणी चेंडू नेटवर आल्यावर उडतो, म्हणजे निर्णयाच्या वेळी हवेत असतो.

क्रम असा ठेवा. सर्व्हरने टॉस टाकला की एक छोटे पाऊल पुढे. त्याची रॅकेट चेंडूकडे वर झेपावली की हलकी उडी, जमिनीपासून दोन-तीन बोटे पुरे. रॅकेट चेंडूला लागल्याच्या लगेच नंतर तुमचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत. टेकताना चेंडूची दिशा नुकतीच कळलेली असते आणि त्याच टेकण्याच्या जोरावर त्या बाजूला ढकलून निघता येते.

तपासा: पाय टेकताना तोंडाने ‘हप’ म्हणा. सर्व्हरच्या रॅकेटचा आवाज आणि तुमचा ‘हप’ जवळजवळ लागोपाठ यायला हवेत. ‘हप’ आधी आला तर तुम्ही घाई करताय. मधे मोठी फट पडली तर तुम्हाला उशीर होतोय.

टॉसवरून थोडा अंदाजही बांधता येतो. उजव्या हाताच्या सर्व्हरने चेंडू आपल्या उजवीकडे टाकला तर बहुधा स्लाइस, डोक्यावर किंवा डावीकडे टाकला तर किक, समोर कोर्टात टाकला तर सपाट. पण यावर बेट लावून आधीच सरकू नका. चांगला सर्व्हर एकाच टॉसवरून दोन प्रकार काढतो.

टप्पा ५: वळा, रॅकेट मागे नेऊ नका

या लेखातला सगळ्यात कठीण टप्पा हाच, कारण इथे एक सवय सोडायची आहे.

दिशा कळल्याबरोबर खांदे त्या बाजूला वळवायचे, बस. डावा हात अजून रॅकेटच्या मानेवरच आहे, त्यामुळे खांदे वळले की रॅकेट आपोआप बाजूला येते. फोरहँडला रॅकेटचे डोके उजव्या खांद्याच्या रेषेत थांबले पाहिजे, त्याच्या मागे नाही. बॅकहँडला डाव्या खांद्याच्या रेषेत. डोके मनगटाच्या वर राहील. हाच तुमचा पूर्ण बॅकस्विंग. यानंतर हाताने वेगळे काही मागे न्यायचे नाही.

डावा हात लवकर सुटला की सगळे बिघडते. तो सुटल्याबरोबर उजवा हात एकटाच मागे पळतो आणि खांदे तसेच नेटकडे तोंड करून राहतात. बघणाऱ्याला वाटते की याचा स्विंग मोठा आहे. प्रत्यक्षात याने खांदे वळवलेलेच नसतात आणि त्याची भरपाई हात करत असतो. शेजारच्या कोर्टवरून एखादा पोरगा हसत ओरडतो, “काका, रॅकेट इतकी मागे कायले नेऊन राहिले? नुसती समोर धरा ना!” त्याचे निदान बरोबर असते, पण नुसते ऐकून काका बदलत नाहीत. त्यासाठी पुढचा उपाय.

तपासा: मागच्या जाळीला पाठ करून उभे राहा. टाचा आणि जाळी यांत एका पावलाचे अंतर ठेवा. समोरून कुणालातरी अर्ध्या कोर्टातून हाताने वेगात चेंडू टाकायला सांगा आणि ब्लॉक करा. रॅकेट जाळीला लागली की समजा, हात मागे गेला. दहा मिनिटांत शरीर शिकते, कारण जाळीचा खडखडाट कुठल्याही सूचनेपेक्षा स्पष्ट असतो. डबल्सचे कोर्ट लहान जागेत कोंबलेले असेल तर जाळी तशीही जवळच असते.

टप्पा ६: ब्लॉक

आता चेंडू आलाय आणि रॅकेट खांद्याच्या रेषेत तयार आहे. इथून तीन गोष्टी एकामागून एक होतात.

पहिली, पाऊल. फोरहँडला डावा पाय, बॅकहँडला उजवा पाय चेंडूच्या दिशेने तिरका पुढे. वेळ नसेल तर पाऊल सोडा, पण वजन मागे जाऊ देऊ नका.

दुसरी, चेंडू शरीराच्या पुढे भेटवणे. रॅकेट आणि चेंडू एकमेकांना लागतात तेव्हा रॅकेट पुढच्या पायाच्याही थोडी पुढे हवी आणि तुम्हाला तिच्या तारा डोळ्यांसमोर दिसायला हव्यात. रॅकेट फिरवायची नाही. खांद्यातून वीतभर पुढे सरकवायची, आणि जायचे आहे त्या दिशेला तोंड करूनच थांबवायची. वेग समोरच्याने दिलेलाच आहे.

तिसरी, पकड. चेंडू तारांवर सुमारे पाच हजारांश सेकंदच असतो. तेवढ्यात मूठ आवळता येत नाही, म्हणून ती लागण्याच्या क्षणभर आधी घट्ट व्हायला हवी. क्रिकेट खेळून आलेल्यांची गफलत नेमकी इथे होते. डिफेन्स करताना चेंडू पायाशी पडावा म्हणून ते हात सैल सोडतात, आणि तीच सवय इथे चेंडू नेटमध्ये टाकते. टेनिसच्या ब्लॉकमध्ये मनगट ताठ हवे.

रॅकेटचे तोंड किती उघडे ठेवायचे हे उंचीवर ठरते. गुडघ्याजवळच्या चेंडूला थोडे वर उघडे, कंबरेच्या चेंडूला जवळजवळ उभे. कंबरेच्या वर चढत येणाऱ्या चेंडूला मात्र उघडे तोंड अजिबात नको, कारण तो स्वतःच वर निघालेला असतो आणि नुसत्या उभ्या रॅकेटवरूनही वर जातो. उन्हाळ्यातले लांब जाणारे रिटर्न बहुतेक याच कारणाने जातात.

निशाणा मध्यावर ठेवा. नेट मध्याशी ०.९१४ मीटर उंच असते आणि खांबांशी १.०७ मीटर, आणि मधून खोल गेलेल्या रिटर्नवर सर्व्हरला कोन काढता येत नाही. नेटच्या वर मीटरभर अंतर ठेवून बेसलाइनच्या मध्याकडे. सरळ साइडलाइनवर ब्लॉक करायची हौस दुसऱ्या सर्व्हिससाठी राखून ठेवा.

सावध: अंगावर आलेली सर्व्हिस फोरहँडने घ्यायला जाऊ नका. कोपर बरगडीत अडकते. डावा पाय मागे घेऊन शरीर थोडे बाजूला काढा आणि बॅकहँडच्या बाजूने रॅकेट अंगासमोर आडवी धरा. चेंडू पलीकडे गेला तरी पुष्कळ.

ब्लॉक झाल्याबरोबर बेसलाइनच्या मध्याकडे निघा. रिटर्न कसा गेला हे उभे राहून बघत बसणे हा वेगळाच आजार आहे.

एक उदाहरण

आमच्या सकाळच्या ग्रुपमध्ये बँकेतले एक काका आहेत, वय पन्नाशीच्या पुढे, एका हाताचा बॅकहँड. समोर इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, उंच, सपाट सर्व्हिस. काकांची तक्रार अशी की फोरहँड रिटर्न उजवीकडे बाहेर जातो आणि बॅकहँड नेटमध्ये.

पहिल्यांदा जागा बघितली. ते साइडलाइनपासून दोन मीटर आत उभे होते, बॅकहँड झाकून. त्यामुळे बाहेरची सर्व्हिस आली की पूर्ण लांबून घ्यावी लागे, रॅकेट उशिरा पोचे आणि चेंडू उजवीकडे सुटे. उजव्या हाताच्या खेळाडूचा फोरहँड उशिरा लागला की चेंडू उजवीकडेच जातो. म्हणजे फोरहँडच्या फटक्यात दोष नव्हताच. डबा ठेवून त्यांना मीटरभर बाहेर सरकवले आणि ती तक्रार बरीचशी मिटली.

बॅकहँडची गोष्ट वेगळी निघाली. जागा बदलल्यावर टीवरची सर्व्हिस त्यांना आणखी लांब पडू लागली, तरी ते वेळेत पोचत होते. पण चेंडू लागला की रॅकेटचे डोके मागे ढकलले जाई. कधीकाळी क्लब क्रिकेटमध्ये ओपनिंग केलेला माणूस, हात सैल सोडायची सवय मुरलेली. मूठ लागण्याआधी आवळायला सांगितले तर ते सुरुवातीपासूनच आवळून उभे राहू लागले आणि पकडच बदलेना. शेवटी उपाय असा केला: पाय टेकताना ‘हप’ म्हणायचे आणि चेंडूचा टप्पा पडला की मूठ आवळायची. टप्प्यापासून रॅकेटपर्यंत जेमतेम पाव सेकंद असतो, म्हणून आवळणे नेमके वेळेवर येते. त्यानंतर त्यांचा बॅकहँड मध्यावर खोल पडू लागला. सर्व्हिस करून पुढे झुकलेल्या पोराला तो पायाशी उचलावा लागायचा.

चेंडू कुठे गेला त्यावरून चूक ओळखा

- फोरहँड उजवीकडे बाहेर किंवा बॅकहँड डावीकडे बाहेर: उशीर. आधी जागा तपासा, मग उडीची वेळ, आणि बॅकस्विंग शेवटी.
- लांब, बेसलाइनच्या बाहेर: तोंड उघडे राहिले, किंवा तुम्ही ब्लॉक करायच्या ऐवजी मारायला गेलात.
- नेटमध्ये: पकड सैल, किंवा रॅकेटचे डोके मनगटाच्या खाली गेले.
- फ्रेमला लागून कुठेही: डोके लवकर वर उचलले. रिटर्न कुठे जातोय ते बघायची घाई.
- सर्व्हिस लाइनजवळ आखूड पडतो: बहुधा तुम्ही फार मागे उभे आहात.

एका वेळी एकच दुरुस्ती करा. दोन बदलल्या तर कोणती लागू पडली हे कळत नाही.

सराव

जाळीजवळचा सराव वर आलाच आहे. तो जमल्यावर सर्व्हरला बेसलाइनऐवजी सर्व्हिस लाइनवरून, पाऊण जोरात, सर्व्हिस करायला सांगा. अंतर कमी झाल्याने जोर पाऊणच असूनही तुम्हाला वेळ जवळजवळ तेवढाच कमी मिळतो आणि सर्व्हरचा खांदाही दुखत नाही. हे जमले की पूर्ण अंतरावरून, पण पहिले काही चेंडू नुसते बघायचे, उडी मारायची, खांदे वळवायचे, चेंडू सोडून द्यायचा. रॅकेट कुठे थांबली ते बघायला मित्राला मोबाइलवर बाजूने शूट करायला सांगा. खांद्याच्या मागे दिसली तर परत जाळीजवळ.

डबल्ससाठी एवढे लक्षात ठेवा

आपल्याकडे सकाळी बहुतेक डबल्सच होते, आणि तिथे मध्यावरचा ब्लॉक नेटवरच्या माणसाच्या रॅकेटवर जातो. तिथे निशाणा तिरका हवा, सर्व्हरच्या बाजूला आणि शक्य तितका खाली. नेटवरचा वारंवार मधे घुसत असेल तर तोच ब्लॉक तोंड थोडे जास्त उघडून त्याच्या डोक्यावरून काढा. सर्व्हर डबल्समध्ये मधल्या खुणेपासून बराच बाहेर उभा राहतो, तेव्हा डबा पुन्हा ठेवून नवी रेषा पाहा. एकेरीची जागा इथे चालत नाही.